शॉवरने ट्रेमधली दरड का पडत नाही

«सर, आम्ही थर्ड इयर सिव्हिलचे चौघं. पावसामुळे दरड कशी कोसळते याचं मॉडेल करतोय. पत्र्याचा ट्रे, त्यात क्रश सँड ठोकून ४० अंशाचा उतार केला आणि वरून बाथरूमचा शॉवर सोडला. पण दरड काही पडत नाही, नुसत्या घळी पडतात. कोरडी वाळू ३५ अंशालाच घसरत होती, ओली केली तर उलट उभीच राहते! चुकतंय कुठे? आणि व्हायवाला आकडे कुठले दाखवायचे?»

तुमच्या ट्रेमध्ये जे झालं ती दरड नाहीच, ती धूप. वरचं पाणी आत शिरलंच नाही, वरूनच पळालं आणि पळताना कण घेऊन गेलं. ट्रेचं माप तुम्ही दिलं नाहीये, पण १२० सेंमी बाय ४० सेंमी धरा, म्हणजे ०.४८ चौरस मीटर. घरगुती शॉवर मिनिटाला ६ लिटर तरी सोडतो, म्हणजे तासाला ३६० लिटर, भागाकार केला की तासाला ७५० मिमी पाऊस! तासाला १०० मिमीला आपण ढगफुटी म्हणतो, तुम्ही त्याच्या साडेसातपट ओतलंय. आणि ज्या क्रश सँडमध्ये दगडाची पूड भरपूर आहे आणि जी तुम्ही वर ठोकून बसवलीय ती तासाला ३०-४० मिमी प्यायली तरी खूप, बाकीचं सगळं वाहणारच की.

दुसरं, ओली वाळू उभी राहते त्यात चूक काही नाही, तोच तर अर्धा धडा आहे. चौपाटीवर पोरं किल्ला करतात तो ओलसर वाळूचाच करतात, कोरड्या वाळूचा होत नाही आणि लाट आली की पण राहत नाही. कणांच्या मधे पाण्याचे बारीक बारीक पूल असतात, ते कणांना एकमेकांकडे खेचतात, याला आपण सक्शन म्हणतो आणि त्यातून येणारं बळ म्हणजे आभासी कोहिजन. पाऊस आधी हे सक्शन खातो आणि मग तळाशी पाणी साचून उलटा दाब तयार होतो, या दोन पायऱ्या झाल्या की उतार जातो. व्हायवाला बहुतेक पोरं सांगतात की पाण्याने वजन वाढलं म्हणून घसरलं, किंवा माती निसरडी झाली म्हणून. दोन्ही सोडा. कोहिजन नसलेल्या लांब उतारात वजन दोन्ही बाजूंना सारखंच येतं, ढकलणारं बळ वाढतं तसं रोखणारंही वाढतं, म्हणून तर कोरड्या वाळूचा एफओएस, म्हणजे रोखणारं बळ भागिले ढकलणारं बळ, नुसता tanφ भागिले tanβ निघतो, त्यात वजन कुठेच नाही. पाण्याने बिघडतो तो कणांवरचा इफेक्टिव्ह स्ट्रेस. पाणी कणांना थोडं उचलून धरतं, मग त्यांची एकमेकांवरची पकड सुटते.

तर मॉडेल असं करा की पाणी वरून आत जाईल पण तळातून पटकन पळणार नाही. माझा सेटअप सांगतो, तुमच्या वर्कशॉपात होईल असा आहे.

ट्रेच्या तळाला दोन भाग. वरचा ९० सेंमी लांब, ३० अंशात तिरका, आणि त्याच्या खाली ४५ सेंमी सपाट, शेवट उघडा. रुंदी ४० सेंमी. एक बाजू अॅक्रिलिकची घ्या, बाकी मरीन प्लाय. प्लायच्या तळाला फेव्हिकॉल लावून वर तीच वाळू भुरभुरवायची आणि सुकू द्यायची, हे विसरू नका, नाहीतर वाळू प्लायवरून सरकेल आणि तुम्ही मोजाल ते प्लायचं घर्षण. वाळूचा थर उभ्या मापाने १५ सेंमी, पृष्ठभाग तळाला समांतर, आणि खाली सपाट भागावर तो आपोआप २६ सेंमीवर शून्य होतो. एकूण वाळू ऐंशी-पंच्याऐंशी किलो भरते, वर पाणी पिऊन आणखी जड होते, त्यामुळे लॅबच्या टेबलावर नको, खाली अँगलची फ्रेम करा.

वाळू क्रश सँड नको, आणि बांधकामाची जाडी वाळूही नको. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून पास आणि ७५ वर रिटेन एवढीच घ्या, धुऊन. हिचा डी-१०, म्हणजे ज्याच्याहून बारीक कण वजनाने १० टक्केच असतात ते माप, साधारण ०.१ मिमी येतो, हेझनच्या सूत्राने पर्मिअॅबिलिटी सेकंदाला १०⁻⁴ मीटर, म्हणजे तासाला ३६० मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पाऊस याच्यापेक्षा खूप कमी ठेवला तरच सगळं पाणी आत जातं.

जाडी वाळू का नको ते आमच्याकडच्या एका बॅचने दाखवून दिलं. त्यांनी डी-१० ०.३ ची वाळू आणली, पर्मिअॅबिलिटी जवळजवळ नऊपट, दोन तास पाऊस पाडला, चहा पिऊन आले, उतार जसाच्या तसा आणि खालून स्वच्छ पाणी वाहतंय. पाणी तळाशी साचायच्या आत निघून जात होतं, खालच्या टोकाशी जेमतेम तीन-सव्वातीन सेंमी चढलं आणि तिथेच थांबलं. मला विचाराल तर त्या बॅचचा रन फेल नव्हताच, पण त्यांनी रिपोर्टमध्ये घातला नाही. घालायला हवा होता.

भरताना ५ टक्के पाणी मिसळून भरायची, तीन थरांत, प्रत्येक थराचं वजन करून. तिरक्या भागात एका थराला साधारण २४ किलो जातात, त्याने ड्राय डेन्सिटी १.४५ च्या आसपास राहते, म्हणजे मोकळी. ठोकू नका, लाकडी फळीने हलकं दाबा बस. मोकळी का, तर मोकळी वाळू घसरायला लागली की आकसते, आकसताना आतल्या पाण्यावर दाब येतो, आणि मग ती एकदम धावते. घट्ट वाळू घसरताना फुगते, पाणी आत ओढून घेते आणि स्वतःलाच ब्रेक लावते, हळूहळू रांगत खाली येते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा, यूएसजीएसचा, ९५ मीटर लांब, २ मीटर रुंद काँक्रीटचा फ्लूम, म्हणजे मोठी तिरकी पन्हळ, आहे, ३१ अंशाचा, तिथे खऱ्या मापाच्या जवळ जाऊन हेच दिसलं, मोकळी माती सेकंदाभरात सेकंदाला १ मीटरच्या वर गेली आणि घट्ट माती मिलिमीटर-मिलिमीटरने सरकत राहिली. तुम्ही ४० अंशाचा उतार ठोकून ठोकून केला होता म्हणालात, तर हे पण एक कारण.

आता पाऊस. तासाला ६० मिमी ठेवा. ट्रेचा ओला होणारा आडवा भाग ०.४२ चौरस मीटर, म्हणजे तासाला २५ लिटर, मिनिटाला फक्त चारशे-सव्वाचारशे मिली! एका मिनिटात दोन ग्लास पाणी, एवढंच, ते पण सगळीकडे सारखं. शॉवरने होणारच नाही ते. ठिबकच्या दुकानात फॉगर मिळतात, बारीक थेंबांचे, ते चार घ्या, एक मीटर उंचीवर चौकोनात बसवा, छोटा डायफ्राम पंप आणि मधे एक व्हॉल्व्ह. काही पाणी ट्रेच्या बाहेर पडणारच, त्याचा हिशोब करू नका, ट्रेमध्ये पडतं ते मोजा. वाळू भरायच्या आधी ट्रेमध्ये १२ सारखे स्टीलचे ग्लास ठेवायचे, १० मिनिटं पाऊस, मग प्रत्येकातलं पाणी मेजरिंग सिलिंडरने. ७ सेंमी तोंडाच्या ग्लासात ६० मिमीच्या दराने १० मिनिटांत ३८ मिली यायला हवं. सगळ्यांची सरासरी काढा, प्रत्येक ग्लास सरासरीपासून किती लांब आहे त्याची सरासरी काढा, दुसरी पहिल्याच्या २० टक्क्यांच्या आत असली की चालेल. पहिल्यांदा येत नाही, कोपऱ्यातल्या ग्लासांत निम्मंच असतं, फॉगर सरकवत राहायचं. एक अख्खी दुपार यातच जाते, जाऊ द्या.

थेंब बारीक हवेत याला कारण आहे. मोठा थेंब वाळूवर आपटला की छोटा खड्डा पडतो, खड्ड्याखड्ड्यांची रांग झाली की घळ, आणि मग तुम्ही परत धूपच दाखवत बसता. फॉगरचा पाऊस खऱ्या पावसासारखा दिसत नाही हे खरंय, पण आपल्याला पाणी आत घालायचंय.

मोजायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट, तळाचा पाण्याचा दाब. पोरं चार-चार मॉइश्चर सेन्सर खोचतात, वायरी, बोर्ड, लॅपटॉप, आणि ते सेन्सर वाळूत खिळ्यासारखे उभे राहून उतार धरून ठेवतात, सॉइल नेलिंगचं मॉडेल होतं ते! त्यापेक्षा अॅक्वेरियमची हवेची नळी घ्या, आतून ४ मिमीची. तळाला वरच्या टोकापासून २०, ५० आणि ८० सेंमीवर भोकं पाडा, भोकावर नायलॉनच्या जाळीचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा, नळी खालून काढून बाजूला ग्राफ पेपर लावलेल्या फळीवर उभी करा. आत थोडं शाई घातलेलं पाणी भरून बुडबुडे घालवा. बुडबुडा राहिला की ती नळी दिवसभर खोटं बोलते. आणि एवढ्या बारीक नळीत पाणी मुळातच काही मिमी वर चढतं, म्हणून आधी एक टोक बादलीत बुडवून बादलीच्या पातळीपेक्षा नळीतलं पाणी किती वर राहतं ते बघा, चार मिमी असेल तर प्रत्येक रीडिंगमधून चार वजा. उघड्या नळीला सक्शन कळत नाही, फक्त धन दाब कळतो, तो आपल्याला पुरेसा आहे. सक्शन गेलं की नाही ते अॅक्रिलिकमधून डोळ्यांनी दिसतं, ओली गडद रेघ खाली सरकत जाते.

ही रेघ किती वेळात तळाला पोचेल ते आधी काढून ठेवा, व्हायवाला हा सगळ्यात चांगला आकडा. ५ टक्के पाणी वजनाने म्हणजे आकारमानाने ७ टक्के झालं. पाऊस चालू असताना गडद भागात साधारण २८ टक्के असतं. फरक २१ टक्के, म्हणजे ६० मिमी पाऊस पडला तर रेघ ६० भागिले ०.२१, साधारण २८५ मिमी खाली जाईल. आपला थर १५० मिमी. म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. तोवर काहीही होणार नाही, आणि इथेच लोक कंटाळून नळ मोठा करतात. करू नका.

मग तळाशी पाणी साचायला लागतं. किती साचलं की जाईल? हे सूत्र तुमच्या पुस्तकात आहेच:

```
FOS = (1 - m*γw/γ) * tanφ / tanβ
```

m म्हणजे थराच्या उभ्या जाडीचा किती हिस्सा पाण्याखाली आहे. φ म्हणजे वाळूचा घर्षणकोन ३४ अंश, β म्हणजे उताराचा कोन ३०, γ म्हणजे वाळूचं युनिट वेट १८ आणि γw पाण्याचं ९.८१ धरा. पाणी नसताना ०.६७५ भागिले ०.५७७, एफओएस १.१७. एफओएस १ व्हायला कंसातला भाग ०.८५६ वर यायला हवा, त्यातून m निघतो ०.२६, म्हणजे १५ पैकी ४ सेंमी. फक्त चार! पण नळीत चार दिसणार नाही, कारण पाणी उताराला समांतर वाहतंय, दाब cos²β ने कमी होतो, ३० अंशाला ०.७५, म्हणून नळीत ३ सेंमी. या cos²β वर अर्धी बॅच अडकते, त्यांना नळीत ३ दिसतं आणि ते म्हणतात पाणी कमी असूनच पडली.

आता एक खरा रन सांगतो, आकडे माझ्या वहीतले. ६० मिमीचा पाऊस, वाळू वर सांगितली तशीच. पहिली ३० मिनिटं नुसती रेघ बघत बसलो, अॅक्रिलिकला लागून ती जरा पुढे पळत होती कारण भिंतीवरून ओघळणारं पाणी तिथे घुसतं, यासाठी कडेला एक प्लॅस्टिकची पट्टी आत वळवून चिकटवायची म्हणजे ओघळ बाहेर जातो. ३२ व्या मिनिटाला ८० सेंमीच्या नळीत पाणी हललं. चार मिनिटांत ते दीड सेंमी झालं, ५० ची नळी नुकतीच जागी झाली, २० ची शांत. ३७ ला खालच्या टोकाची वाळू चकाकायला लागली, म्हणजे तिथून पाणी बाहेर येतंय, आणि थोडी थोडी पसरायला लागली, शेण पडल्यावर पसरतं ना तशी. बघणाऱ्यांना वाटलं झालं, एवढंच. मी म्हटलं कॅमेरा बंद करू नका. ३९ ला ती पसरलेली जीभ निघून गेली, तिच्या मागे ५-६ सेंमीचा उभा कडा राहिला, तो कोसळला, त्याच्या मागे अजून एक. ८० ची नळी ४.६ वर होती तेव्हा मधल्या भागात, बरोबर ५० च्या जरा वर, आडवी भेग उघडली, केसाएवढी, मग काडीएवढी, आणि तिच्या खालचा सगळा तुकडा एकदम गेला. ते दोन सेकंदांत. एकूण पाऊस झाला होता ४१ मिमी.

दरड खालून वर चढत गेली हे बघा. मुलांच्या चित्रात नेहमी वरून तुकडा सुटतो, ट्रेमध्ये आधी पाय जातो मग धड. घाटात पायथ्याशी रस्त्यासाठी खोदकाम केलं की काय होतं ते इथेच कळतं, तुम्ही पावसाआधीच पाय काढून ठेवलेला असतो.

आता सूत्र म्हणालं ३ सेंमी आणि नळी म्हणाली ४.६. हा फरक लपवू नका, परीक्षक यावरच खूश होतो. ४० सेंमी रुंद ट्रेमध्ये दोन्ही भिंती वाळूला धरून ठेवतात. बाजूचा दाब, अॅक्रिलिकचं घर्षण असा अंदाजे हिशोब केला तर भिंती एफओएसमध्ये ०.१ ची भर घालतात. ती धरून परत सोडवलं की m येतो ०.४२ आणि नळी ४.७. जवळ आलं की नाही? शिवाय पायथ्याचा आधार थोडा, आणि φ लॅबच्या डायरेक्ट शिअरमधून घेतला तर तो ५०-१०० किलोपास्कलवर काढलेला असतो, ट्रेच्या तळाला जेमतेम २ किलोपास्कल आहे. म्हणून φ साठी त्याच वाळूची छोटी पेटी हळूहळू तिरकी करून कोन बघा, ते बरं.

एक रन झाला की थांबू नका, दुसरा रन हाच खरा प्रयोग. तीच वाळू, तेवढाच पाऊस, फक्त तळाला २ सेंमीचा जाड वाळूचा थर, २.३६ मिमीमधून पास आणि १.१८ मिमीवर रिटेन, खालून उघडा. पहिल्यांदा मी हा ड्रेन करताना वाळू मिसळू नये म्हणून मधे जिओटेक्स्टाइलचं कापड टाकलं होतं, आणि पाऊस चालू करायच्या आधीच अख्खा थर कापडावरून सतरंजी ओढल्यासारखा खाली आला, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर. कापड आणि वाळूमधलं घर्षण ३० अंशाला पुरत नाही. ही जाडी वाळू स्वतःच फिल्टर आहे, बारीक कण तिच्यात शिरत नाहीत, कापडाची गरजच नाही. या रनमध्ये रेघ तळाला पोचते, ड्रेनमधून पाणी वाहायला लागतं, नळ्या शून्याजवळ राहतात, आणि दोन तासांनी पण उतार उभा. पाऊस तेवढाच, ओलावा तेवढाच, वाळू पहिल्या रनइतकीच जड, आणि तरी पडत नाही. वजन वाढलं म्हणून पडली म्हणणाऱ्याला दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून दाखवा. मग ड्रेनच्या तोंडाला ओला चिंधा कोंबा आणि नळ्या बघत बसा. रिटेनिंग वॉलचे वीप होल चिखलाने बुजलेले तुम्ही घाटात पाहिलेच असतील.

तिसरा रन वेळ असेल तर. आदल्या दिवशी संध्याकाळी ३० मिमी पाऊस पाडून ट्रेवर प्लॅस्टिक टाकून ठेवायचं, सकाळी तोच ६० चा पाऊस. आता वाळूत आधीच पाणी आहे, भरायची जागा कमी, रेघेला खाली जायला कमी वेळ लागतो, आणि जो उतार काल ४० मिनिटं टिकला तो निम्म्या वेळात किंवा त्याआधीच जातो. आपल्याकडच्या मोठ्या दरडींच्या तारखा बघा, महाडजवळ जुई-दासगाव २००५, माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धात. जुलैत पाऊसही जास्त असतो हे कारण आहेच, पण जूनचा पाऊस जमिनीतली रिकामी जागा भरून ठेवतो हेही आहे, एकट्या शेवटच्या दिवसाच्या आकड्यावर सगळं ढकलू नका.

आता हे मॉडेल कुठे खोटं आहे ते. तुमचा ट्रे आणि तळिये यांची बरोबरी रिपोर्टमध्ये करू नका, करणारे करतात. एक म्हणजे सक्शन. अर्धा किलोपास्कल आभासी कोहिजन, म्हणजे पाच सेंमी पाण्याएवढं, काहीच नाही वाटतं. १५ सेंमीच्या थरात ते एफओएसमध्ये ०.४३ ची भर घालतं. तेच अर्धा किलोपास्कल ३ मीटरच्या थरात ०.०२ भर घालतं. तुमच्या ट्रेमध्ये ओली वाळू हट्टाने उभी राहते ती यामुळे, लहान मॉडेलमध्ये सक्शन राजा असतं. बारीक वाळूत पाणी केशाकर्षणाने १५ सेंमीपेक्षा जास्त चढू शकतं, म्हणजे अख्खा थर त्याच्या टप्प्यात येतो, घाटातल्या उतारात तसं नाही. खऱ्या मातीत मात्र चिकणमातीमुळे सक्शन अर्ध्या किलोपास्कलवर थांबत नाही, खूप जास्त असतं, म्हणून उतार उन्हाळ्यात निवांत असतात. यावर उपाय सेंट्रिफ्यूज, मॉडेल गरगर फिरवून वजन ५० पट करायचं, पण ते तुमच्या बजेटमध्ये नाही.

दुसरं म्हणजे वेळ. ट्रेमधली ४० मिनिटं म्हणजे घाटातले अमुक तास असं गणित मांडू नका. ट्रेमध्ये एकच वाळू आहे, सगळीकडे सारखी. आपल्या सह्याद्रीत वर लॅटेराइट किंवा झिजलेला बेसॉल्ट, खाली मुरूम, खाली कातळ, मधे कुठेतरी चिकणमातीचा पट्टा, कातळात भेगा, खेकड्यांची बिळं, झाडांच्या कुजलेल्या मुळांची भोकं, पाणी त्यातून पटकन तळाशी जातं, रेघेची वाट बघत नाही. ट्रेमधला वाळू चिकटवलेला प्लाय म्हणजे तो कातळ, एवढीच तुलना घ्या, माती आणि कातळाच्या सांध्यावर पाणी साचतं हे दोन्हीकडे खरं.

व्हायवाला एकच ग्राफ न्या. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्यावर तीन नळ्यांची रीडिंग, ३ सेंमीवर एक तुटक रेघ सूत्राची, ४.७ वर दुसरी भिंती धरून. त्याच्या खाली तेवढ्याच वेळातले मोबाइलचे सहा फोटो, बाजूने काढलेले, अॅक्रिलिकवर ५ सेंमीच्या चौकटी मार्करने आखून. पृष्ठभागावर काडेपेटीच्या काड्या ओळीत टोचून ठेवा, वरची रांग कधी वाकली ते फोटोत दिसतं. फोन स्टँडवर लावून टाइमलॅप्स नको, पूर्ण व्हिडिओ काढा, कारण शेवटचा तुकडा दोन सेकंदांत जातो आणि टाइमलॅप्समध्ये नेमका तोच निसटतो. आणि फोनला पिशवी घाला, आमचा एक फॉगरखाली भिजून गेलाय.